चार संध्याकाळी, एक कादंबरी आणि थोडे प्रश्न

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात वाचनकट्ट्याच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वाचनकट्ट्याबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. कट्टा कधी सुरू झाला, किती पुस्तकं झाली, हे अहवालात आलेलंच आहे. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. पुस्तक वाचून झाल्यावर त्यावर बोलायला बसायचं, तर प्रश्न कोणते विचारायचे? हे मला बत्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. कट्ट्यावर मी ते चुकत चुकत शिकलो, आणि पहिल्या चुकीची किंमत आपल्याच एका सभासदाने मोजली. म्हणून ती चूक आधी सांगतो.

आपण ठरवलं होतं की गाव सोडून दुसरीकडे जाणाऱ्या माणसांची एखादी कादंबरी वाचायची. निजामपुऱ्यात राहणाऱ्यांना हा विषय नवा नाही. या शहरात मूळचे आगरी-कोळी आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान आहेत, आझमगड-मऊकडून माग चालवायला आलेले अन्सारी आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, आणि माझ्यासारखे बदलीवर येऊन इथेच राहिलेलेही आहेत. म्हटलं, चर्चा छान रंगेल. मी उत्साहाने वीस प्रश्न टाईप करून आणले. बँकेत इन्स्पेक्शनला जायचो तेव्हा जशी प्रश्नावली असायची, तशीच ही. त्यातला पहिलाच प्रश्न होता : ‘आपल्या शहरात बाहेरून आलेल्या लोकांबद्दल आपले मत काय?’

झालं. दोघांनी भाषणं केली. एकाने पाणी, गटारं, गर्दी सगळं काढलं. बी विंगमधले आपले भाई, ज्यांचा लूमचा कारखाना आहे, ते शांतपणे म्हणाले, “साहेब, बाहेरचे म्हणजे कोण ते एकदा सरळ सांगा ना.” कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. ते उठून गेले आणि पुढचे दोन महिने कट्ट्यावर आले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करायचे, पण तेवढंच.

घरी आल्यावर मी तो कागद पुन्हा वाचला. कोणी मुद्दाम वाईट बोललं नव्हतं. दोष प्रश्नात होता. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पुस्तक वाचण्याची गरजच नव्हती. आणि प्रश्नाने बसलेल्यांचे आधीच दोन भाग केले होते : मत देणारे, आणि ज्यांच्याबद्दल मत द्यायचं ते.

त्यानंतर आम्ही पुस्तक बदललं आणि विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घेतली. ही १९३९ सालची कादंबरी आहे. आकाराने लहान, दोन बैठकांत वाचून होते, आणि ग्रंथालयात सहज मिळते. आम्ही चौदा जण आणि प्रती पाच, तरी तीन आठवड्यांत सगळ्यांची वाचून झाली. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. चक्रधर नावाचा मराठी तरुण विलायतेहून बोटीने हिंदुस्थानात परत येतोय. बोटीवर त्याच्याबरोबर मन्नान आणि शिंदे हे आपल्याकडचे प्रवासी आहेत, आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले ज्यू आहेत. हे ज्यू शांघायला चाललेत. त्यांच्यात हॅर्टा नावाची तरुणी आहे, तिची आई बरोबर आहे. थोड्या दिवसांच्या प्रवासात चक्रधर आणि हॅर्टा एकमेकांच्या प्रेमात पडतात. मुंबई आली की तो उतरतो. ती बोटीबरोबर पुढे जाते, त्याला पत्रं लिहिते, आणि शेवटी जीव देते.

ही कादंबरी निवडण्यामागे एक हिशेब होता. त्या बोटीवर आपल्यापैकी कोणाचंच कोणी नाही. ना भिवंडीचं, ना आझमगडचं, ना वारंगळचं. त्यामुळे कोणाला आपल्या घराची बाजू घेऊन बसावं लागत नाही. आणि तरीही बोट आपल्या सोसायटीसारखीच आहे. एकमेकांना न निवडलेली माणसं, एकच जिना, एकच भोजनाची वेळ, आणि भिंती पातळ.

पहिल्या संध्याकाळी मी प्रश्न विचारण्याआधी दहा मिनिटं फक्त पार्श्वभूमी सांगितली, कारण त्याशिवाय एक गोष्ट कळत नाही : ही माणसं शांघायलाच का निघाली? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे बत्तीस देशांची परिषद भरली होती. निर्वासित ज्यूंना कोण घेणार, हा विषय. सहानुभूती बहुतेकांनी दाखवली, दार फार थोड्यांनी उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षर मारायला सुरुवात झाली. १ जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषाला नावात ‘इस्राएल’ आणि बाईला ‘सारा’ जोडणं सक्तीचं झालं. देश सोडताना माणशी फक्त दहा मार्क रोख नेता येत. शांघाय हे तेव्हा जगातल्या अगदी थोड्या ठिकाणांपैकी एक, जिथे उतरायला व्हिसा लागत नसे. म्हणून इटलीच्या बंदरांतून सुएझमार्गे, मुंबईवरून, कोलंबो-सिंगापूर करत बोटी भरून माणसं तिकडे गेली. ऑगस्ट १९३९ मध्ये तिथेही बंधनं आली. एवढं सांगून मी गप्प बसलो. इतिहास याहून जास्त सांगितला की लोक इतिहासावरच बोलतात, कादंबरी बाजूला राहते.

मग पहिला प्रश्न विचारला : ‘कादंबरीचं नाव रणांगण आहे. पण यात एकही लढाई नाही. मग रणांगण कुठे आहे? एक प्रसंग दाखवा.’

या प्रश्नात ‘एक प्रसंग दाखवा’ हे तीन शब्दांइतकंच शेपूट आहे, पण सगळं काम तेच करतं. ते नसेल तर उत्तर येतं, “जीवन हेच रणांगण आहे,” आणि सगळे माना डोलावतात. ते असलं की माणूस पुस्तक उघडतो. पान नंबर विचारू नका, कारण आवृत्त्या वेगळ्या असतात आणि पाच मिनिटं शोधण्यात जातात. प्रसंग सांगायला सांगा. त्या दिवशी एकाने बोटीवरच्या गोऱ्या प्रवाशांची वागणूक सांगितली. दुसऱ्याने सांगितलं, रणांगण चक्रधरच्या मनात आहे, कारण उमा नावाच्या मुलीने त्याला पूर्वी दुखावलंय आणि तो नव्याने कोणावर विश्वास ठेवायला तयार नाही. ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध होती, दोन्हींना पुस्तकात आधार होता, आणि कोणी कोणावर चिडलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळचा प्रश्न होता : ‘बोटीवर घर कोणाला आहे आणि घरी जायची ओढ कोणाला आहे? दोन रकाने करा.’ फळ्यावर खडूने रकाने आखले. थोड्याच वेळात एक गंमत दिसली. चक्रधरला देश आहे, भाषा आहे, पण परत जाण्याचा आनंद त्याच्यात फारसा दिसत नाही. हॅर्टाला जर्मनीने टाकलं, तरी तिच्या बोलण्यात मागे राहिलेलं सगळं जिवंत आहे. म्हणजे आपण ‘आपलं असणं’ म्हणतो त्यात किमान दोन गोष्टी आहेत. एक, तिथे राहण्याचा हक्क, जो दुसरे देतात. दुसरी, तिथली ओढ, जी आपण बाळगतो. या दोन्ही एकाच माणसाकडे असतीलच असं नाही.

इथे पहिल्यांदा कट्टा आपणहून घरी आला. ए विंगमधल्या आक्का, ज्या मूळच्या तेलंगणातल्या आणि चर्चेत सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, “मला कोणी गाव कुठलं विचारलं तर मी तीन नावं घेते. माहेरचं, सासरचं आणि भिवंडी. माझे मालक एकच सांगतात.” मग बाकीच्या वहिनींनी आपापली नावं सांगितली. लग्न करून आलेल्या प्रत्येक बाईने एकदा तरी घर बदललेलं आहे, हे आम्हा पुरुषांच्या यादीत कुठेच नव्हतं. आम्ही स्थलांतर म्हणजे गाठोडं घेऊन गाडीत बसलेला माणूस एवढंच धरलं होतं. लक्षात घ्या, ‘तुमच्या आयुष्यातलं स्थलांतर सांगा’ असं मी विचारलं असतं तर आक्का बोलल्या नसत्या. त्या हॅर्टाच्या रकान्यावरून स्वतःवर आल्या. बोलणं पुस्तकावरून घराकडे येऊ द्यावं, घरापासून सुरू करू नये. आमच्या पहिल्या फसलेल्या बैठकीत नेमकं उलटं झालं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी भाई परत आले. मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली होती आणि पुस्तक दिलं होतं. त्या दिवशीचा प्रश्न कागदपत्रांचा होता : ‘हॅर्टाला मुंबईत उतरून राहायचं असतं, तर तिला कोणाकोणाची परवानगी लागली असती? यादी करा.’ सगळ्यांनी मिळून यादी केली. सरकारचा परवाना. तिची जबाबदारी घेणारा माणूस. पैशाची हमी. चक्रधरच्या घरच्यांची संमती. शेजाऱ्यांची नजर. आणि शेवटी कोणीतरी म्हणालं, “चक्रधरची स्वतःची परवानगी.” त्याची ही शेवटची परवानगी मिळाली असती तर वरच्या पाच मिळवण्याची खटपट तरी झाली असती, असं एका बाजूचं म्हणणं. वरच्या मिळण्यासारख्याच नव्हत्या, त्याला दोष देऊन काय उपयोग, असं दुसऱ्या बाजूचं. चर्चा बराच वेळ चालली आणि मी मध्ये पडलो नाही.

मग भाईंनी मे २०२० ची आठवण काढली. लॉकडाऊनमध्ये माग बंद, बिस्सी बंद, खोलीचं भाडं चालू. त्या महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, ती आपल्या सर्वांना आठवत असेल. भाईंनी आपल्या कारखान्यातल्या माणसांचे फॉर्म भरले होते, डॉक्टरचे दाखले मिळवले होते. ते म्हणाले, “वीस-वीस वर्षं इथे कापड विणलं, आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कागद होता, की हा माणूस इथला नाही, याला जाऊ द्या.”

इथे मी मात्र मध्ये पडलो, कारण अशा वेळी चर्चा घसरते. दूरची आणि जवळची दुःखं एकमेकांना चिकटवून सगळं एकच आहे असं म्हणण्याचा मोह होतो. मी फळ्यावर दोन रकाने केले : ‘काय सारखं’ आणि ‘काय सारखं नाही’. सारखं काय? कागदावर अवलंबून असणं, आणि काम केलेल्या जागेवर हक्क नसणं. सारखं नाही काय? हॅर्टाला तिच्याच सरकारने हाकललं होतं, तिला परतीची वाट नव्हती. आपल्या माणसांना गाव होतं, ते स्वतःच्याच देशात फिरत होते, आणि माग सुरू झाल्यावर त्यातले बरेच परत आले. दुसरा रकाना भरल्याशिवाय तुलना पुरी करायची नाही, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो. भाईंनीच दुसऱ्या रकान्यात सर्वांत जास्त ओळी सांगितल्या.

मलाही त्या दिवशी माझं एक जुनं आठवलं. पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख-सही लागायची. माग चालवणारा एक तरुण तीनदा काउंटरवर आला. रेशनकार्ड गावाकडे, खोली सहा जणांत, ओळख देणारा कोणी नाही. मी नियमाप्रमाणे तीनदा परत पाठवला. नियम मी केला नव्हता, पण त्याला ओळख देईल असा खातेदार शोधायला मदत करणं माझ्या हातात होतं. ते मी केलं नाही. तो पैसे बिस्सीवाल्याकडे ठेवत राहिला असणार. हॅर्टाची यादी करताना ‘तिची जबाबदारी घेणारा माणूस’ ही ओळ मीच फळ्यावर लिहिली, आणि लिहिताना तो मुलगा डोळ्यांपुढे आला.

त्याच बैठकीनंतर एका सभासदाने सोसायटीच्या भाडेकरू फॉर्मचा विषय काढला. त्यात ‘मूळचे कोठील’ असा रकाना होता आणि दोन सभासदांची शिफारस मागितलेली होती. मी कमिटीत पूर्वी होतो, तो फॉर्म माझ्याच काळातला. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने सदनिका भाड्याने देताना संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं असतं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. शिफारशीचा रकाना आम्हीच घातलेला होता. कमिटीने तो काढला. सगळ्यांना पटलं असं नाही, एक-दोघांनी सभेत विरोध नोंदवला, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

चौथ्या संध्याकाळी शेवट घेतला. सर्वांना विचारायचं होतं ते एकच : ‘चक्रधर भ्याड होता का?’ मी तो प्रश्न तसा विचारू दिला नाही. हो-नाहीचा प्रश्न विचारला की हात वर होतात आणि पुढे फक्त वकिली चालते. आम्ही तो असा केला : ‘कोणत्या क्षणापर्यंत त्याला वेगळं काही करता आलं असतं?’ कोणी म्हणालं बंदर दिसेपर्यंत. कोणी म्हणालं, उतरल्यावरही, पत्रांची उत्तरं तरी होतीच. आणि आपल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी एक गोष्ट दाखवली, जी मी तीनदा वाचूनही मला दिसली नव्हती. सगळी कथा चक्रधर सांगतो. हॅर्टा आपल्याला त्याच्या तोंडून दिसते. तिचा स्वतःचा आवाज सलग ऐकू येतो तो तिच्या पत्रांत, म्हणजे ती समोर नसताना. बाई म्हणाल्या, “जो गेला त्याच्याबद्दल राहिलेला माणूस बोलतो. आपण इथेही तेच करतो.” त्यावर कोणी काही जोडलं नाही, आणि मीही ती बैठक तिथेच संपवली.

नवीन मंडळी कट्टा चालवणार आहेत, म्हणून हाताशी आलेल्या खुणा सांगून थांबतो. एका बैठकीला दीड तास आणि प्रश्न जास्तीत जास्त चार. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा, तोवर स्वतः बोलू नका. पहिलं उत्तर दर वेळी वेगळ्या माणसाचं असू द्या. सगळी उत्तरं तुमच्याकडे तोंड करून येत असतील, तर ती चर्चा नसून तोंडी परीक्षा चालली आहे, खुर्ची बदला. उत्तरं ‘आजच्या समाजात’ किंवा ‘माणसाने नेहमी’ अशी सुरू होऊ लागली, किंवा दहा मिनिटं पुस्तकातलं एकही नाव ऐकू आलं नाही, तर प्रश्न चुकलाय असं समजा आणि पुन्हा विचारा : कोणत्या प्रसंगावरून म्हणता?

आणि प्रश्न लिहून झाला की स्वतःलाच एक विचारा. या प्रश्नाने बसलेल्यांपैकी एखाद्याला स्वतःच्या राहण्याचा खुलासा करावा लागणार आहे का? लागत असेल तर तो कागद फाडा. मी तो न फाडता वाचला होता.

पुढच्या महिन्याचं पुस्तक भाईंनी निवडलं आहे, राही मासूम रझांची हिंदी कादंबरी ‘आधा गाँव’, गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली गावाची. फाळणीच्या काळात कोण गेलं, कोण राहिलं, याची ती गोष्ट आहे. प्रश्न काढायचं काम यंदा त्यांच्याकडे आहे. मी मागच्या रांगेत बसणार आहे.

संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन.